सिम काढलेला जुना फोन नुसता वायफायवर वापरायचाय? आधी त्याची नेटवर्कची शोधाशोध थांबवा

नवीन फोन घेतला की सिम तिकडे जातं आणि जुना फोन घरात व्हिडिओ बघायला, गाणी लावायला, मुलांच्या अभ्यासाला नाहीतर नुसतं घड्याळ म्हणून वापरात येतो. आणि मग थोड्याच दिवसांत सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते, की अहो यात सिम नाही, कोणी फोन करत नाही, स्क्रीन बंद करून कपाटावर ठेवलाय, तरी सकाळी बघावं तर बॅटरी पार खाली. मग म्हणायचं बॅटरी गेली, फोन गेला, आणि तो ड्रॉवरमध्ये पडतो. बऱ्याच वेळा बॅटरी गेलेली नसतेच, फोन रात्रभर नेटवर्क शोधत बसलेला असतो. हे थांबवायला एक मिनिट पुरतं, पण ते नीट थांबलंय का हे कसं ओळखायचं आणि नंतर कायकाय अडतं ते माहीत हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सिम नसताना फोन नेमकं काय शोधतो

सिम काढलं म्हणजे फोनचा मोबाइल नेटवर्कवाला भाग बंद झाला असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. फोनमध्ये मॉडेम नावाचा एक वेगळा भाग असतो, टॉवरशी बोलायचं सगळं काम त्याचं, आणि सिम असो नसो फोन चालू आहे तोवर तो चालूच असतो. कारण असं की फोन अशा पद्धतीने बनवलेले असतात की सिम नसेल तरी आणीबाणीचा कॉल लावता यावा, आता तो खरंच लागतो का हे त्या त्या देशाच्या नियमांवर आहे, पण फोन आपल्या बाजूने तयार राहतो. म्हणून वरच्या पट्टीत किंवा लॉक स्क्रीनवर Emergency calls only किंवा No SIM असं दिसतं. Emergency calls only दिसलं तर त्याचा अर्थ फोनने कुठलातरी एक टॉवर धरून ठेवलाय, कुठल्याही कंपनीचा, आणि तो त्याच्याकडे कान लावून बसलाय.

इथे दोन परिस्थिती होतात आणि त्यांच्यात खूप फरक आहे. घरात सिग्नल चांगला असेल तर फोनला पटकन टॉवर सापडतो, मग तो अधूनमधून जागा होऊन टॉवर आहे ना एवढं बघतो आणि परत झोपतो. यात बॅटरी जाते पण फार नाही. दुसरी परिस्थिती वाईट, म्हणजे तळघर, जाड भिंतींची खोली, आतली खोली, लोखंडी कपाटाच्या आड, जिथे सिग्नल येतो जातो. तिथे फोन टू जी, थ्री जी, फोर जी, असेल तर फाइव्ह जी, असं एकेक करून सगळे बँड चाळतो, काही नाही सापडलं की थोडा थांबतो आणि परत पहिल्यापासून सुरू. कधी अंधुक सिग्नल मिळतो, तो धरतो, सुटतो, की पुन्हा शोध. स्क्रीन काळी असते पण आत काम चालूच.

बऱ्याच ठिकाणी असं सांगितलं जातं की सिम नसलेला फोन फुल पॉवरने सिग्नल फेकत राहतो म्हणून बॅटरी जाते. ते बरोबर नाही. सिम नाही म्हटल्यावर फोन नेटवर्कवर नोंदणीच करू शकत नाही, त्यामुळे तो टॉवरला काही पाठवत नाही, नुसता ऐकत असतो. बॅटरी जाते ती हे ऐकणारं सर्किट सतत चालू राहिल्यामुळे आणि प्रोसेसर पुन्हापुन्हा जागा झाल्यामुळे. हे सांगायचं कारण म्हणजे फोन खिडकीत ठेवला तर बॅटरी थोडी कमी उतरते हे जे काही लोकांना जाणवतं ते खरंच आहे, तिथे टॉवर लगेच सापडतो. पण आपल्याला शोध कमी नाही करायचा, तो बंदच करायचाय.

सिम काढायच्या आधी उरकायची कामं

यात फार काही नाही. फोन बंद करून सिम काढा आणि रिकामा ट्रे परत आत सरकवा, ट्रे बाहेर ठेवू नका कारण त्या फटीतून धूळ आणि ओल आत जाते. ई-सिम असेल तर ते सेटिंग्जमधून बंद करावं लागतं, नुसता ट्रे काढून उपयोग नाही, आणि नवीन फोनवर ई-सिम चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्यावरचं डिलीट करू नका.

त्या फोनवर अशी कुठली अॅप आहेत का की जी त्याच फोनमधलं सिम बघतात, ते तपासा. पैशांच्या व्यवहाराची काही अॅप तशी असतात, ती या फोनवर ठेवण्यात अर्थ नाही, काढून टाका. व्हॉट्सअॅप दोन्हीकडे हवं असेल तर आधी नवीन फोनवर सुरू करून घ्या, मग जुन्या फोनवर नंबर विचारणाऱ्या स्क्रीनवर वरच्या तीन टिंबांत लिंक करायचा पर्याय मिळतो, तिथला क्यूआर नवीन फोनने स्कॅन केला की जुना फोन जोडलेलं डिव्हाइस म्हणून चालतो. नवीन फोनवर 14 दिवस व्हॉट्सअॅप उघडलंच नाही तर मात्र जुन्यावरून आपोआप लॉगआउट होतं.

आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट, सिम काढल्यावर लगेच फॅक्टरी रीसेट मारू नका. जुने काही आयफोन रीसेटनंतर पुन्हा सुरू होताना अॅक्टिव्हेशनसाठी सिम मागतात. रीसेट करायचंच असेल तर सिम आत असतानाच करून घ्या, सगळं सेटअप होऊ द्या, मग सिम काढा.

मुख्य काम: एअरप्लेन मोड आधी, वायफाय नंतर

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पक्का उपाय हाच आहे. एअरप्लेन मोड चालू केला की मॉडेमची वीजच बंद होते, शोध कमी वगैरे नाही, बंद. बऱ्याच जणांना वाटतं एअरप्लेन मोडमध्ये वायफाय चालत नाही, म्हणून ते हा उपाय करूनच बघत नाहीत. चालतं. एअरप्लेन मोड लावताना फोन वायफाय आणि ब्लूटूथ पण बंद करतो एवढंच, पण त्यानंतर तुम्ही ते हाताने परत चालू करू शकता आणि एअरप्लेन मोड तसाच राहतो.

क्रम लक्षात ठेवा. वरून पट्टी खाली ओढा, एअरप्लेन मोडवर टॅप करा, काही फोनमध्ये यालाच फ्लाइट मोड म्हणतात, विमानाचं चित्र असतं. दोन-तीन सेकंद थांबा म्हणजे सिग्नलच्या काड्या जाऊन तिथे विमान येईल. मग वायफायच्या आयकॉनवर टॅप करा. आता पट्टीत विमान आणि वायफाय दोन्ही शेजारी शेजारी दिसायला हवेत. हेडफोन किंवा स्पीकर लावायचा असेल तर ब्लूटूथ पण चालू करा, नको असेल तर बंदच राहू द्या. आधी वायफाय चालू होतं आणि नंतर एअरप्लेन लावलं तर बऱ्याच जुन्या फोनमध्ये वायफाय तुटतं आणि लोक म्हणतात बघा, चालत नाही. तुटलं तर परत चालू करा, बाकी काही नाही. नवीन अँड्रॉइड आणि आयफोन हे लक्षात ठेवतात, म्हणजे एकदा तुम्ही एअरप्लेनमध्ये वायफाय चालू केलं की पुढच्या वेळी ते स्वतःहून चालू ठेवतात.

आता फोन एकदा रीस्टार्ट करा. ही पायरी टाळू नका. परत चालू झाल्यावर विमान आहे का, आणि वायफाय आपोआप जोडलं गेलं का, दोन्ही बघा. बहुतेक फोन दोन्ही जसंच्या तसं ठेवतात, पण तुमचा ठेवतो की नाही हे आज कळलेलं बरं, नाहीतर बॅटरी संपून फोन बंद पडेल, चार्जिंगला लावून चालू होईल, आणि तुम्हाला न कळता शोध परत सुरू झालेला असेल.

हे केल्यावर No SIM चं जे नोटिफिकेशन सारखं डोकावत असतं ते पण बहुतेक फोनमध्ये जातं.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, हा फोन आता आणीबाणीच्या भरवशाचा नाही. काही फोन आणीबाणीचा नंबर लावला की स्वतःच एअरप्लेन मोड काढून कॉल करायचा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबून राहायचं नाही. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल एकटं असतं आणि हाच फोन हाताशी असतो अशी स्थिती असेल तर त्यात एखादं सिम असलेलं चांगलं, बॅटरी गेली तर गेली.

खरंच फरक पडला का, तीन रात्रींत कळतं

वाटतं म्हणून नाही, मोजून बघायचं. यासाठी कुठलंही अॅप लागत नाही, उलट बॅटरी वाचवणारी अॅप टाकू नका, ती स्वतःच मागे चालत राहतात. फक्त अट एवढीच की तीनही रात्री फोन त्याच जागी ठेवायचा, तीच अॅप, स्क्रीन बंद, आणि सुरुवात 100 टक्क्यांवर.

पहिल्या रात्री फोन आहे तसा, म्हणजे सिम नाही, एअरप्लेन बंद, वायफाय चालू. झोपताना आणि उठल्यावर टक्के कागदावर लिहा. दुसऱ्या रात्री एअरप्लेन चालू आणि वायफाय चालू. तिसऱ्या रात्री एअरप्लेन चालू आणि वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद.

आईचा जुना फोन आतल्या खोलीत असतो, जिथे नेटवर्क कायम एकच काडी. त्याची बॅटरी 3000 एमएएच. रात्री 11 ला 100 टक्के, सकाळी 7 ला 74. म्हणजे आठ तासांत 26 टक्के, तासाला तीनच्या वर, आणि स्क्रीन एकदाही लागलेली नाही. बॅटरी अजून पूर्ण क्षमतेची आहे असं धरलं तर हे 780 एमएएच होतात, आठ तासांनी भागलं की साधारण 97 मिलिअँपिअर सतत. झोपलेल्या फोनसाठी हा आकडा खूप मोठा आहे. दुसऱ्या रात्री एअरप्लेन आणि वायफाय, सकाळी 95. तिसऱ्या रात्री सगळं बंद, सकाळी 98. हे तीन आकडे शेजारी ठेवले की सगळं कळतं. 26 पैकी फोनची आणि बॅटरीची स्वतःची झीज 2, वायफाय आणि मागे चालणाऱ्या अॅपची मिळून 3, आणि उरलेले 21 टक्के नुसत्या शोधाशोधीचे.

तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, आणि खरा उपयोग त्यातच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या रात्रीत मोठा फरक आला तर मॉडेमच दोषी होता आणि तुमचं काम झालं. फरक दोन-तीन टक्क्यांचाच आला तर तुमच्या घरात सिग्नल चांगला आहे, मॉडेम फार खात नव्हता, आणि बॅटरी दुसरीकडे जातेय. मग दुसरी आणि तिसरी रात्र बघा. त्यांच्यात फरक मोठा असेल तर वायफाय किंवा त्यावर चालणारी अॅप. आणि तिसऱ्या रात्री सगळं बंद असूनही 15-20 टक्के गेले तर मात्र बॅटरीच थकलीय किंवा एखादं अॅप फोनला झोपूच देत नाही, तिथे एअरप्लेन मोडने काही होणार नाही.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी सेटिंग्जमधली बॅटरी वापराची यादी पण बघा. तिथे Mobile network standby किंवा जुन्या फोनमध्ये Cell standby अशी एक ओळ असते, कधी कधी सिस्टीमवाल्या भागात लपलेली असते, ती उघडावी लागते. जुन्या अँड्रॉइडमध्ये त्या ओळीवर टॅप केलं की सिग्नल नसतानाचा वेळ टक्क्यांत दाखवतात, तो आकडा मोठा असेल तर फोन रात्रभर काय करत होता याचा पुरावाच मिळाला. पण ही यादी अंदाजावर चालते, म्हणून मी तिच्यापेक्षा कागदावरच्या टक्क्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

कॉम्प्युटर, त्यावर adb हे अँड्रॉइडला आज्ञा द्यायचं टूल आणि केबल हाताशी असेल आणि फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डीबगिंग चालू करता येत असेल, तर मॉडेम बंद झालाय का हे थेट विचारता येतं. रूट वगैरे लागत नाही.

```
adb shell "dumpsys telephony.registry | grep mServiceState"
```

एअरप्लेनमध्ये उत्तरात POWER_OFF दिसलं की मॉडेम खरोखर बंद आहे. EMERGENCY_ONLY किंवा OUT_OF_SERVICE दिसलं तर तो अजून जागा आहे. फार जुन्या अँड्रॉइडवर शब्दांऐवजी नुसता आकडा येतो, तिथे सुरुवातीचा 3 म्हणजे बंद. दोन सिमच्या फोनमध्ये दोन ओळी येतात, दोन्ही बघायच्या. हे नाही केलं तरी चालतं, पट्टीतलं विमान पुरेसं आहे.

एअरप्लेन लावल्यावर जे अडतं

सगळ्यात चक्रावून टाकणारं हे, की एअरप्लेन लावलं आणि घरचं वायफायच यादीतून गायब झालं. बाकी शेजारच्यांची नेटवर्क दिसतायत, आपलंच नाही. फोन बिघडला असं वाटतं पण कारण वेगळं असतं. वायफायचे कुठले चॅनेल वापरायला परवानगी आहे हे देशानुसार ठरतं, आणि आपण कुठल्या देशात आहोत हे फोनला मुख्यतः मोबाइल टॉवरकडून कळतं. मॉडेम बंद केल्यावर काही फोन तो देश विसरतात आणि सगळीकडे चालणारे चॅनेलच तेवढे वापरतात. मग राउटर 2.4 गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल 12 किंवा 13 वर असेल, किंवा 5 गिगाहर्ट्झमधल्या एखाद्या वरच्या चॅनेलवर असेल, तर फोन तो बघतच नाही. उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 2.4 गिगाहर्ट्झचा चॅनेल ऑटोवरून काढून 1, 6 किंवा 11 यापैकी एक करा, आणि 5 गिगाहर्ट्झचा 36 ते 48 मधला करा. ऑटोवर ठेवलं तर आज दिसेल आणि राउटर रीस्टार्ट झाल्यावर परत गायब होईल, म्हणून पक्का एकच चॅनेल द्या. एकदा करून बघायचं असेल तर एअरप्लेन काढा, नेटवर्क दिसलं, परत लावलं, गेलं, असं झालं की कारण हेच आहे हे नक्की.

दुसरं घड्याळ. फोन वेळ इंटरनेटवरून घेतो ते ठीक आहे, पण कुठला टाइम झोन हे बरेच जुने फोन टॉवरकडून घेतात. बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस पडला असेल तर चालू झाल्यावर तारीख जुनी किंवा तास चुकलेले दिसू शकतात. तारीख चुकीची असली की वेबसाइट उघडत नाहीत, सुरक्षित नाही असं सांगतात, अॅप लॉगिन होत नाहीत, आणि माणूस वायफायला दोष देत बसतो. तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये टाइम झोन आपोआप घेणं बंद करा आणि हाताने निवडा, वेळ आपोआप घेणं मात्र चालूच ठेवा.

तिसरी तक्रार, स्क्रीन बंद केली की मेसेज येत नाहीत, स्क्रीन लावली की सगळे एकदम धडाधड येतात. जुन्या अँड्रॉइडमध्ये वायफायच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये झोपेत वायफाय चालू ठेवायचं का असा पर्याय असतो, तिथे कायम, फक्त चार्जिंगला असताना, आणि कधीच नाही असे तीन पर्याय मिळतात. सिम असताना वायफाय बंद झालं तरी मोबाइल डेटा होता म्हणून कळत नव्हतं, आता दुसरी वाटच नाही. मेसेज हवेत तर कायम निवडा. फक्त व्हिडिओ बघायला फोन असेल तर कधीच नाही ठेवा, बॅटरी अजून वाचते.

आणि एअरप्लेन मोड आपोआप निघालेला सापडला तर आधी घरातल्या मुलांकडे बघा. खरंच, वरची पट्टी ओढून विमानाला हात लागणं फार सोपं आहे. पट्टीतले आयकॉन बदलता येतात, पेन्सिलचं चित्र किंवा एडिट असतं, तिथून एअरप्लेनचा आयकॉन खाली काढून टाका म्हणजे चुकून निघणार नाही, लागलाच तर सेटिंग्जमधून मिळतो. पॉवर बटण पटापट अनेकदा दाबलं की आणीबाणीचा कॉल सुरू करणारी सोय काही फोनमध्ये असते, ती पण या फोनवर बंद करून टाका.

मॉडेम बंद करूनही बॅटरी जात असेल तर

म्हणजे तुमची दुसरी रात्र वाईट आणि तिसरी चांगली आलीय. इथे तीन जागा बघायच्या, त्यात पहिली लोकांना माहीतच नसते. लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असे दोन पर्याय असतात. ते चालू असले तर वायफाय किंवा ब्लूटूथ बंद असतानाही फोन जागा शोधण्यासाठी आजूबाजूला स्कॅन करू शकतो. घरात एका जागी असलेल्या फोनला याची काही गरज नाही, दोन्ही बंद करा. लोकेशनच बंद केलं तर अजून चांगलं, पण मग फोन हरवला तर शोधायची सोय जाते, त्यामुळे घराबाहेर जाणारा फोन असेल तर विचार करा.

दुसरी जागा म्हणजे वायफायचा सिग्नल. राउटरपासून लांबच्या खोलीत फोन ठेवला आणि वायफाय एका काडीवर असेल तर ते सारखं तुटतं, परत जोडतं, आणि मॉडेमचाच खेळ इकडे सुरू होतो. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून कमी पोचतो, म्हणून लांबच्या खोलीतल्या फोनला 2.4 वरच जोडून ठेवा, दोन्हीची नावं वेगळी असतील तर 5 वालं नेटवर्क फोनमधून विसरायला लावा. व्हिडिओसाठी 2.4 पुरतं.

तिसरी, सिंक. जुन्या फोनवर तुमचं तेच खातं असतं, आणि नवीन फोनवर येणारे मेल, कॉन्टॅक्ट इकडेही उतरत राहतात. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जे लागत नाही त्याचं सिंक काढा, मेलचं तर नक्की. मेसेजच्या अॅपमधलं चॅटचं फीचर पण बंद करा, नंबरच या फोनमध्ये नाही तर ते उगाच कनेक्ट व्हायचा प्रयत्न करत राहतं. सिम कंपनीची अॅप असतील तर काढून टाका, निघत नसतील तर डिसेबल करा. एकावेळी एकच बदल करून रात्रीचे टक्के बघा, सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

एअरप्लेन मोड कायम ठेवायचा नसेल तर

काही अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर \*#\*#4636#\*#\* टाईप केलं की एक टेस्टिंग मेनू उघडतो, त्यात फोनच्या माहितीत Mobile radio power असं एक बटण असतं, ते बंद केलं की फक्त मॉडेम बंद होतो आणि वायफाय, ब्लूटूथला धक्का लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण रीस्टार्ट केला की ते परत चालू होतं आणि सगळ्या फोनवर हा मेनू उघडतही नाही. त्या मेनूतल्या बाकी गोष्टींना हात लावू नका. मला विचाराल तर रोजच्या वापराला एअरप्लेन मोडच बरा, तो दिसतो आणि टिकतो.

कायम चार्जरला लावलेल्या फोनसाठी

बरेच जण म्हणतात की एवढं कशाला करायचं, चार्जरला लावून ठेवतो. फोन कायम 100 टक्क्यांवर आणि गरम राहिला की बॅटरी लवकर म्हातारी होते आणि जुनी बॅटरी फुगू शकते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये 80 किंवा 85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर चार्जर काढून 30-40 पर्यंत उतरू द्या आणि मग लावा, शोधाशोध बंद केल्यावर हे दोन-तीन दिवसांतून एकदाच करावं लागतं. मागचं कव्हर उचलल्यासारखं वाटलं, स्क्रीनच्या कडेला फट दिसली किंवा टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, फोन बंद करा आणि बॅटरी बदलून देणाऱ्याकडे न्या.